शैक्षणिक कर्ज: हप्ता सुरू व्हायच्या आधीच व्याज कसं साचतं आणि ते मुद्दलात जायच्या आत काय करायचं

जून-जुलै आला की लातूर, नांदेड, परभणीकडच्या घरांमध्ये एकच धावपळ असते, पोराचा नंबर पुण्याला नाहीतर संभाजीनगरला लागलेला असतो, फी भरायची शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि बँकेत शैक्षणिक कर्जाची फाईल अडकलेली असते. त्या घाईत बँकेतला माणूस सांगतो की "काळजी करू नका, शिक्षण होईपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष काहीच भरायचं नाही". ऐकणाऱ्याला वाटतं तोपर्यंत व्याजही नाही. तसं नसतंय. हप्ता थांबलेला असतो, व्याज चालू असतं. आणि हे साचलेलं व्याज एका ठराविक दिवशी मुद्दलात मिसळतात, त्या दिवसानंतर त्या व्याजावर पण व्याज लागायला सुरुवात होते. हा लेख फक्त एवढ्याच गोष्टीबद्दल आहे, कर्ज कसं मंजूर करून घ्यायचं वगैरे इथे काही नाही.

आधी शब्द समजून घेऊ. कोर्सचा काळ अधिक साधारण एक वर्ष, ह्या मुदतीला मोरॅटोरियम म्हणतात. देशातल्या बहुतेक सरकारी बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या मॉडेल योजनेवर चालतात आणि त्यात हीच मुदत आहे, त्यानंतर परतफेडीला जास्तीत जास्त १५ वर्षं मिळतात. ह्याच योजनेत असंही आहे की परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याज लावायचं, म्हणजे व्याज फक्त मुद्दलावर, साचलेल्या व्याजावर नाही. मोरॅटोरियम संपला की साचलेलं सगळं व्याज मुद्दलात टाकून त्या नवीन रकमेवर हप्ता बांधायचा. बँकवाले ह्यालाच कॅपिटलायझेशन म्हणतात. खाजगी बँका आणि फायनान्स कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात, काहींकडे व्याज दर महिन्याला चढवून त्यावर पुन्हा व्याज लावतात, त्यावर पुढे येतो.

आकडे एकदा मांडून बघा

समजा औशाजवळच्या एका गावातली मुलगी आहे, वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, तीन-चार एकर सोयाबीन, मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. कर्ज मंजूर ६ लाख, पण बँक एकदम ६ लाख देत नाही, दरवर्षी ऑगस्टमध्ये दीड लाख थेट कॉलेजला पाठवते. दर १० टक्के धरू, हिशेब सोपा जातो, प्रत्यक्षात दर बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असतो म्हणून मध्येच वर-खाली होतो.

व्याज मंजूर रकमेवर नाही तर दिलेल्या रकमेवर लागतं, म्हणजे रिक्षासारखं, प्रत्येक दीड लाखाचा मीटर ती रक्कम कॉलेजला गेली त्या दिवशी पडतो. पहिल्या वर्षाचे दीड लाख पाच वर्षं व्याज खातात (चार वर्षं कोर्स, एक वर्ष पुढचं), म्हणजे ७५ हजार. दुसऱ्या वर्षाचे चार वर्षं, ६० हजार. तिसऱ्याचे ४५ हजार. चौथ्याचे ३० हजार. बेरीज २ लाख १० हजार.

म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ६ लाखाचं नसून ८ लाख १० हजारांचं असतं. १० वर्षांची मुदत घेतली तर ६ लाखांवर हप्ता आला असता साधारण ७,९२९ रुपये, ८ लाख १० हजारांवर तो येतो साधारण १०,७०४. दर महिन्याला २,७७५ रुपये जास्त. १२० महिन्यांत हे होतात ३ लाख ३३ हजार.

लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं व्याज साचलं २ लाख १० हजार, तर जास्तीचे तेवढेच जाणार. पण ते २ लाख १० हजार एकदा मुद्दलात गेले की त्यांच्यावरच दहा वर्षांत आणखी सव्वा लाखाच्या जवळ व्याज जातं. हा जो सव्वा लाख आहे ना, तो वाचवता येतो, आणि तो वाचवायची मुदत म्हणजे कॅपिटलायझेशनच्या आदल्या दिवसापर्यंत. त्यानंतर मुद्दल आणि जुनं व्याज वेगळं करता येत नाही, सगळं एकच कर्ज होऊन बसतं.

पहिलं काम: आपल्याला सरळव्याज लागतंय का चक्रवाढ, हे स्टेटमेंटवरून ओळखा

मंजुरीपत्र वाचा असं सगळेच सांगतात आणि वाचायचंच, त्यात मोरॅटोरियमच्या काळात व्याज सरळ का चक्रवाढ, महिन्याला चढणार का शेवटी, हे लिहिलेलं असतं. कधी कोर्स चालू असेपर्यंत सरळ आणि नंतरच्या एका वर्षात वेगळं, असंही असू शकतं. पण पत्रात इंग्रजी छापील मजकूर इतका असतो की घरातलं कोणी शेवटपर्यंत जात नाही. त्यामुळे सोपी परीक्षा सांगतो, सहा-आठ महिने झाले की करा.

कर्जखात्याचं स्टेटमेंट काढा, बचत खात्याचं नाही, कर्जाचा खाते नंबर वेगळा असतो. त्यात ३१ दिवसांचे दोन महिने निवडा, एक सुरुवातीचा आणि एक उशिराचा, मधल्या काळात नवीन रक्कम दिलेली नसावी आणि व्याजदर बदललेला नसावा. आपल्या उदाहरणात ऑगस्टमध्ये पैसे गेले तर ऑक्टोबर आणि पुढचा मे महिना चालेल. दीड लाखावर १० टक्क्यांनी ३१ दिवसांचं व्याज असं निघतं:

```
१,५०,००० × १० ÷ १०० × ३१ ÷ ३६५ = १,२७४
```

ऑक्टोबरलाही १,२७४ आणि मे महिन्यातही १,२७४ असेल तर सरळव्याज आहे. ऑक्टोबरला १,२९५ च्या आसपास आणि मे मध्ये १,३७० च्या पुढे गेलं असेल तर व्याजावर व्याज लागतंय, म्हणजे चक्रवाढ. इथे एक गोष्ट फसवते, काही बँकांच्या स्टेटमेंटमध्ये व्याज दर महिन्याला खात्यावर चढलेलं आणि बाकी वाढलेली दिसते, लगेच घाबरायचं नाही, बाकी वाढली तरी पुढचं व्याज कशावर काढलं ते बघायचं. म्हणून बाकीचा कॉलम सोडा आणि व्याजाच्या नोंदी एकमेकींशी लावून बघा.

चक्रवाढ लागत असेल तर आपल्या उदाहरणात पाच वर्षांनी ८ लाख १० हजारांऐवजी ८ लाख ५५ हजारांच्या वर आकडा जातो आणि हप्ता सुमारे ११,३०५ होतो. मंजुरीपत्रात सरळव्याज लिहिलंय आणि स्टेटमेंट चक्रवाढ दाखवतंय असं निघालं तर तोंडी बोलू नका, शाखेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाईन करता येते, फुकट आहे.

दुसरं काम: व्याजमाफीत बसतो का ते बघा, मगच खिशात हात घाला

घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना आहे, त्यात भारतातल्या व्यावसायिक आणि तांत्रिक कोर्सच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळातलं सगळं व्याज सरकार भरतं. म्हणजे वरचे २ लाख १० हजार शून्य होतात, हप्ता ७,९२९ वरच राहतो. कॉलेज मान्यतेच्या अटीत बसावं लागतं, कर्ज तारण न देता घेतलेलं असावं लागतं आणि शिक्षण मध्येच सोडलं तर फायदा जातो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पीएम-विद्यालक्ष्मी आली, त्यात ठरवलेल्या दर्जेदार संस्थांमध्ये शिकणाऱ्यांना घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं तरी १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमपुरती ३ टक्के व्याज सवलत आहे, पण संस्था त्या यादीत पाहिजे.

कागद म्हणाल तर मुख्य कागद एकच, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आपलं सरकार केंद्रातून अर्ज केला की मिळतो. आपल्याकडे गंमत अशी होते की दाखला काढला जातो कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी आणि तिथेच दिला जातो, बँकेत द्यायचा कोणाच्या लक्षातच येत नाही. अनुदान आपोआप येत नाही, बँकेने तुमच्या नावाचा दावा पाठवावा लागतो. त्यामुळे दाखला शाखेत देऊन पोच घ्या आणि वर्षातून एकदा जाऊन विचारा की "आमचा दावा पाठवला का, जमा झाला का", स्टेटमेंटमध्ये अनुदानाची रक्कम जमा झालेली दिसली पाहिजे. ती यायला वेळ लागतो, तोपर्यंत खात्यावर व्याज चढलेलं दिसतं आणि मेसेजही येत राहतात. "हप्ता तर पाच वर्षांनी हाय म्हणले, मग हा मेसेज कशाचा यायलाय" असं एक काका शाखेत विचारत होते, त्यांचा प्रश्न एकदम बरोबर होता. अनुदानात बसत असाल तर आपल्या खिशातून व्याज भरायची घाई करू नका.

आपल्या उदाहरणातले शिक्षक वडील उत्पन्नामुळे ह्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी पुढचं.

तिसरं काम: कधी भरायचं ते ठरवा

"शिकत असतानाच दर महिन्याला व्याज भरत रहा, खूप वाचतं" हा सल्ला सगळीकडे मिळतो. चक्रवाढ असेल तर शंभर टक्के बरोबर, जितकं लवकर भराल तितकं चांगलं, कारण न भरलेल्या व्याजावर लगेच पुढच्या महिन्यापासून व्याज लागतंय.

पण सरळव्याज असेल तर हिशेब वेगळा होतो आणि हे फार कमी लोक सांगतात. सरळव्याजात साचलेल्या व्याजावर काहीच लागत नाही, म्हणून पहिल्या वर्षाचं १५ हजार व्याज तुम्ही पहिल्या वर्षी भरा नाहीतर पाचव्या वर्षी कॅपिटलायझेशनच्या आठ दिवस आधी भरा, बँकेच्या खात्यात फरक शून्य. मधल्या काळात भरलेली रक्कम बँक बहुतेक करून आधी व्याजातच वळती करते, मुद्दल कमी होत नाही. मग तो पैसा स्वतःकडे का ठेवू नये? २ लाख १० हजार भागिले ६० महिने, बरोबर ३,५०० रुपये महिना. तेवढ्याची आरडी पाच वर्षं चालवली तर साडेसहा टक्क्यांनी धरलं तरी वर पस्तीस हजारांच्या पुढे व्याज मिळतं (त्यावर टॅक्स लागू शकतो), आणि शेवटी ती मोडून साचलेलं सगळं व्याज एकदम भरायचं. हप्ता ७,९२९ वर.

ह्यात दोन पण आहेत. एक म्हणजे बऱ्याच बँका शिकत असताना व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात १ टक्का सवलत देतात. आपल्या उदाहरणात १ टक्का म्हणजे पाच वर्षांत २१ हजार, तर सवलतीच्या ९ टक्क्यांनी दर महिन्याला जेवढं व्याज निघतं तेवढेच पैसे बाजूला टाकत गेलं तर आरडीतून पंचवीस-सव्वीस हजार मिळतील आणि त्यातून टॅक्स जाईल, म्हणजे जवळपास बरोबरीचंच काम आहे. सवलत असेल तर कटकट नको म्हणून बँकेतच भरा, आणि ती सवलत पुढे परतफेडीच्या काळातही चालू राहणार असेल तर विचारच करू नका, बँकेतच भरा. फक्त विचारून घ्या की एखादा महिना चुकला तर सवलत पूर्ण जाते का.

दुसरा पण घरचा आहे. आपल्याकडे पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीनची पट्टी दिवाळीच्या आसपास हातात येते आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दहा खर्च असतात, आरडी तर पहिल्या लग्नसराईत मोडली जाते. ज्या घरात पैसा टिकत नाही त्यांनी मोंढ्यातून आलं की एकदम दहा-पंधरा हजार कर्जखात्यात टाकून द्यावे, वर्षातून एकदा का होईना. पूर्ण व्याज नाही भरता आलं तरी चालतं. पाच वर्षांत मिळून ७५ हजार जरी गेले तरी कर्ज ८ लाख १० हजारांऐवजी ७ लाख ३५ हजारांवर बांधलं जातं, हप्ता साधारण ९,७१३ होतो, १० वर्षांत जवळजवळ १ लाख १९ हजार कमी जातात. म्हणजे ७५ हजार भरून वरचे ४४ हजार वाचले.

टॅक्सचं एक लक्षात ठेवा. कलम ८०ई म्हणून जी सूट ओळखली जाते ती शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आहे, रकमेला मर्यादा नाही, पण जुनी कररचना घेतली तरच. आणि ती मिळते ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष धरून आठच वर्षं. वडील सहकर्जदार आहेत, जुन्या रचनेत आहेत आणि पहिल्या वर्षापासून थोडं थोडं व्याज स्वतः भरतात, तर त्यांचं आठ वर्षांचं घड्याळ तेव्हापासूनच चालू होतं. पुढे मोठं व्याज जाणार ते हप्त्यांच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, तोपर्यंत ह्यांची वर्षं संपत आलेली असतात. नवीन रचनेत असाल तर हा प्रश्नच नाही.

चौथं काम: शेवटचे तीन महिने

मोरॅटोरियमचं शेवटचं एक वर्ष कॉलेजच्या निकालापासून किंवा नोकरी लागल्यापासून मोजत नाहीत, मंजुरीपत्रातल्या कोर्सच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात. म्हणून तीन महिने आधी शाखेत जा आणि तीन गोष्टी लेखी मागा: व्याज मुद्दलात कोणत्या तारखेला टाकणार, आजपर्यंत साचलेलं व्याज किती, आणि त्या तारखेला ते किती होईल. मेल केला तरी चालतो, उत्तर लेखी आलं म्हणजे झालं.

मग पैसे त्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी भरा. शेवटच्या दिवशी नको, कारण रक्कम कर्जखात्यात न जाता बचत खात्यात पडून राहते किंवा सुट्टी येते आणि तेवढ्यात सिस्टीम आपलं काम करून मोकळी होते. भरताना कर्जखात्याचाच नंबर टाका आणि शाखेला एक ओळ लिहून द्या की ही रक्कम साचलेल्या व्याजापोटी आहे. दोन दिवसांनी स्टेटमेंट काढून व्याज खरंच कमी झालं का ते बघा.

कोणाचा विषय राहिला, वर्ष गेलं, तर मॉडेल योजनेप्रमाणे बँक जास्तीत जास्त दोन वर्षं मुदत वाढवू शकते, पण मुदत संपायच्या आत अर्ज करायचा, कॉलेजचं पत्र जोडायचं. अर्ज न करता बसलात तर हप्ता सुरू होतो, तो थकतो, ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत खात्यात जातं, आणि सिबिल मुलीचं एकटीचं नाही, सहकर्जदार वडिलांचंही खराब होतं. मुदतवाढ मात्र फुकट नसते. ६ लाखांवर एक वर्ष वाढलं की आणखी ६० हजार साचतात, कर्ज ८ लाख ७० हजार, हप्ता साधारण ११,४९७. म्हणून नोकरी लागलेली असताना "अजून वर्षभर मिळतंय तर घेऊ" हे डोक्यातून काढा.

हप्ता बांधतानाचा कागद

कॅपिटलायझेशन झालं की बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्या. पहिल्याच ओळीत सुरुवातीची बाकी असते, ती तुमच्या आकड्याशी जुळते का बघा. सगळं साचलेलं व्याज भरलेलं असेल तर तिथे ६ लाखच पाहिजे. जास्त दिसली तर बहुतेक वेळा कारण ह्यातलं एक असतं: भरलेली रक्कम तारखेनंतर जमा झाली, मध्ये दर वाढला होता, किंवा सुरुवातीला विम्याचा प्रीमियम कर्जातच टाकलेला होता आणि त्यावरही पाच वर्षं व्याज चढलं. विम्याचं तर कित्येकांना माहीतच नसतं, सही केलेल्या कागदांत तो एक कागद असतो.

हप्ता झेपत नाही म्हटलं की शाखेत लगेच मुदत १५ वर्षं करून देतात. ८ लाख १० हजारांवर हप्ता १०,७०४ वरून ८,७०४ वर येतो, दोन हजार कमी, बरं वाटतं. पण १० वर्षांत एकूण १२ लाख ८४ हजार जाणार होते ते १५ वर्षांत १५ लाख ६७ हजारांच्या जवळ जातात. पहिला पगार कमी असेल तर लांब मुदत घ्यायला हरकत नाही, पण पगार वाढला की जास्तीचे पैसे भरत जा, व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या अशा कर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. आणि असे पैसे भरताना अर्जात स्पष्ट लिहा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाहीतर काही ठिकाणी हप्ता बारीक होतो आणि वर्षं तेवढीच राहतात.